एकक अंकाचं चक्र कुठे चालतं आणि कुठे अडतं

प्रश्न: “७^२२२ ला ५ ने भागलं तर बाकी किती, अशी गणितं मी एकक अंकाच्या चार-चारच्या चक्राने झटपट सोडवते. सराव परीक्षेत ३^२०० ला ७ ने भागल्यावर किती उरतील असं विचारलं होतं. २०० ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून एकक अंक १, म्हणून बाकी १, असं मी लिहिलं. उत्तरतालिकेत २ आहे. रीत तीच असताना एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक कशी? शिवाय घातांकाला ४ ने भागून बाकी शून्य आली की चक्रातला कुठला अंक धरायचा, याचा दर वेळी गोंधळ होतो.”
— स्पर्धा परीक्षेची एक उमेदवार

उत्तर:

उत्तरतालिका बरोबर आहे. तुमचा एकक अंकही बरोबर आहे. ३^२०० च्या शेवटी खरोखरच १ येतो. चूक आहे ती “एकक अंक १, म्हणून बाकी १” या उडीत. ७ ने भागताना ही उडी मारता येत नाही, ५ ने भागताना मारता येते. असं का, हे एकदा नीट कळलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

एकक अंक म्हणजे दुसरं काही नसून त्या संख्येला १० ने भागल्यावर उरणारी बाकी. २४०१ मध्ये २४० दहा आहेत आणि वर १ उरतो. म्हणजे तुम्ही जे चक्र वापरता, ते १० या भाजकाचं आहे. प्रश्नात भाजक ७ असेल तर चक्रही ७ चंच हवं. चक्र पायावर जितकं अवलंबून असतं तितकंच भाजकावर, आणि पाठ केलेल्या तक्त्यात भाजक कुठे लिहिलेलाच नसतो. घोटाळा तिथून सुरू होतो.

आधी १० चं चक्र कसं तयार होतं ते पाहू. ७ चे घात घ्या. ७ × ७ = ४९, त्यातला ९ ठेवा आणि ४ सोडून द्या. ९ × ७ = ६३, ३ ठेवा. ३ × ७ = २१, १ ठेवा. १ × ७ = ७, पुन्हा सुरुवात. चक्र झालं ७, ९, ३, १. दर वेळी दशकाचा अंक बिनधास्त सोडता येतो, कारण तो दहाच्या पटीत आहे आणि त्याला कशानेही गुणलं तरी तो दहाच्या पटीतच राहतो. एकक स्थानी त्याचा काही परिणाम होत नाही. आणि चक्र फिरतंच, कारण पुढचा अंक फक्त आधीच्या अंकावरून ठरतो. अंक दहाच आहेत, त्यामुळे कधी ना कधी एखादा अंक पुन्हा येणार, आणि तो आला की त्याच्या मागून तीच रांग पुन्हा येणार.

शेवटी ०, १, ५ किंवा ६ असलेल्या पायाचा एकक अंक कुठल्याही घाताला तोच राहतो. ४ आणि ९ यांचं चक्र दोन घरांचं: ४, ६ आणि ९, १. उरलेल्या २, ३, ७, ८ यांचं चार घरांचं. १, २ आणि ४ या तिन्ही लांबींनी ४ ला पूर्ण भाग जातो, म्हणून पाया कुठलाही असो, घातांकाला ४ ने भागलं की काम होतं. घातांक कितीही मोठा असला तरी त्याचे शेवटचे दोनच अंक ४ ने भागायचे, कारण १०० ला ४ ने पूर्ण भाग जातो.

आता शून्याचा गोंधळ. घातांकाला ४ ने भागून बाकी शून्य आली तर नेहमी चक्रातलं चौथं घर घ्यायचं. घातांक ४ असताना आपण चौथ्या घरात असतो, ८ असतानाही चौथ्याच घरात असतो, तसंच १२, १६, २०० असताना. पूर्ण भाग जाणं म्हणजे चक्र पुरं करून शेवटच्या घरात थांबणं.

हा गोंधळ रेंगाळण्याचं एक कारण आहे. काही जण बाकी शून्य आली की ७^० = १ असं धरून १ लिहितात आणि उत्तर बरोबर येतं. ३, ७ आणि ९ यांच्या बाबतीत चौथ्या घरात १ च असतो, त्यामुळे चूक पकडली जात नाही. पाया सम आला की ती उघडी पडते. २^४० चा एकक अंक या रीतीने १ येईल, पण सम संख्येच्या कुठल्याही घाताच्या शेवटी विषम अंक येऊच शकत नाही. २ चं चक्र २, ४, ८, ६. चौथं घर ६. आणि २^४० खरोखर १०९९५११६२७७७६ आहे. २ च्या चक्रात १ नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे १२ ने भागताना ती पुन्हा आडवी येणार आहे.

तुमचं पहिलं गणित, ७^२२२ ला ५ ने भाग. २२२ ला ४ ने भागल्यावर २ उरतात, दुसरं घर ९, म्हणजे एकक अंक ९. आता ९ ला ५ ने भागा, बाकी ४. इथे एकक अंकावरून थेट ५ च्या बाकीवर जाता आलं, कारण १० ला ५ ने पूर्ण भाग जातो. संख्येचा एकक सोडून उरलेला सगळा भाग दहाच्या पटीत, म्हणून पाचच्याही पटीत. बाकी ठरवायला एकट्या एकक अंकाशिवाय काही उरत नाही. हे ज्या भाजकांना लागू पडतं ते भाजक म्हणजे २, ५ आणि १०. बस, एवढेच.

७ ने भागताना काय बिघडतं? १३ आणि २३ घ्या. दोघांच्या शेवटी ३ आहे, पण ७ ने भागल्यावर १३ ची बाकी ६ आणि २३ ची २. एकक अंक सारखा असूनही बाक्या वेगळ्या, म्हणजे एकक अंकात ७ च्या बाकीची माहितीच नाही. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज लागते, एकक अंक नाही. ४ साठीही एकक अंक पुरत नाही: १४ आणि २४ दोन्हींच्या शेवटी ४, पण १४ ची बाकी २ आणि २४ ची शून्य. ४ आणि २५ साठी शेवटचे दोन अंक लागतात, ८ साठी तीन. आणि दोन अंकांचं चक्र चारच घरांचं असेल असं धरून चालू नका. ७ चे शेवटचे दोन अंक ०७, ४९, ४३, ०१ असे चारांतच परत फिरतात खरे, पण ३ च्या घातांना शेवटी ०१ यायला वीस घरं लागतात.

मग ३^२०० ला ७ ने भागायचं कसं? कृती तीच, फक्त दर वेळी दहा काढण्याऐवजी सात काढायचे. ३ पासून सुरू करा. ३ × ३ = ९, त्यातून ७ गेले, २ उरले. २ × ३ = ६. ६ × ३ = १८, त्यातून १४ गेले, ४ उरले. ४ × ३ = १२, ७ गेले, ५. ५ × ३ = १५, १४ गेले, १. पुढे पुन्हा ३. चक्र झालं ३, २, ६, ४, ५, १, म्हणजे सहा घरांचं. आता घातांकाला ४ ने नाही, ६ ने भागायचं. २०० = ६ × ३३ + २, म्हणून दुसरं घर, बाकी २. कागदावर कुठेही अठरापेक्षा मोठी संख्या आली नाही. इथे मोठे घात काढत बसू नका. ८१, २४३, ७२९ लिहून त्यांना ७ ने भागायला गेलात की वेळही जातो आणि वजाबाकी चुकण्याची शक्यताही वाढते. आधीच्या बाकीला पायाने गुणायचं आणि जास्तीचे सात काढायचे, इतकंच करा.

चक्र बरोबर निघालं की नाही, हे एका लहान घातावर तपासता येतं. सहाच्या चक्रात ८ वा घात दुसऱ्या घरात पडतो, म्हणजे ३^८ ची बाकी २ यायला हवी. ३^८ = ६५६१ आणि ७ × ९३७ = ६५५९. बाकी २. जुळलं.

भाजक मूळ संख्या असेल तर चक्राची लांबी मनमानी नसते. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार भाजक मूळ असेल आणि पायाला त्याने भाग जात नसेल, तर भाजकातून १ वजा केलेला घात घेतला की बाकी १ येते. ७ साठी ६ वा घात, ११ साठी १० वा, १३ साठी १२ वा. म्हणजे चक्राची लांबी त्या संख्येचाच एखादा विभाजक असते: ७ साठी १, २, ३ किंवा ६, दुसरी नाही. ७ साठीचं चक्र चार घरांचं निघालं तर कुठेतरी गुणाकार चुकला, हे पुढे न जाताच कळतं. चक्र न काढताही घातांकाला ६ ने भागून मोकळं होता येतं. पाया ३ असो की २, उत्तर बरोबरच येईल, फक्त कधी कधी लागतात त्याहून काही पायऱ्या जास्त होतील.

लांब चक्र अर्ध्यात तोडायची एक सोय आहे आणि ती फार उपयोगी पडते. २^१०३ ला १७ ने भागायचं आहे. बाक्या येतात २, ४, ८, १६. इथे थांबा. १६ म्हणजे १७ ला एक कमी, म्हणून तिथे १६ ऐवजी −१ लिहा. चौथ्या घरात −१ आला, म्हणजे आठव्या घरात (−१) × (−१) = १ येणार आणि चक्र आठ घरांचं असणार; उरलेली घरं काढायची गरज नाही. १०३ = ८ × १२ + ७. सातवं घर म्हणजे चौथ्यापुढे आणखी तीन पायऱ्या: −१ ला ८ ने गुणा, −८. बाकी ऋण ठेवायची नसते, म्हणून १७ मिळवा, ९. तपासायचं असेल तर २^७ = १२८, त्यातून ११९ गेले, ९ उरले. शेवटी भाजक मिळवायला विसरून पर्यायांत ८ शोधणारे पुष्कळ असतात, आणि प्रश्न काढणारा तो पर्याय बहुतेक वेळा ठेवतोच.

पाया मोठा आला की आणखी एक सापळा असतो, तो जरा जवळून पाहू. २३४७^१८३ घ्या आणि दोन प्रश्न विचारा: एकक अंक कोणता, आणि ७ ने भागल्यास बाकी किती?

एकक अंकासाठी पायाचा फक्त शेवटचा ७ लागतो. १८३ चे शेवटचे दोन अंक ८३, त्याला ४ ने भागल्यावर ३ उरतात, ७, ९, ३, १ मधलं तिसरं घर ३. एकक अंक ३.

दुसऱ्या प्रश्नात अनेक जण तोच ७ हातात धरून पुढे जातात: पाया ७, भाजक ७, म्हणजे पूर्ण भाग जाणार आणि बाकी शून्य. हे साफ चूक आहे. पाया लहान करायचा तोही प्रश्नातल्या भाजकानेच. ७ × ३३५ = २३४५, म्हणून २३४७ ला ७ ने भागल्यावर २ उरतात, आणि इथे पाया आहे २. त्याचं ७ साठीचं चक्र: २, ४, १. तीन घरांचं. १८३ च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटचं घर, बाकी १. एकाच संख्येसाठी दोन भाजकांना दोन वेगळे पाया, दोन वेगळ्या लांबीची चक्रं आणि दोन वेगळी उत्तरं.

विभाज्यतेच्या प्रश्नांत एकक अंकाचा उपयोग पर्याय छाटायला छान होतो. ३^८१ + ७^८१ ला १० ने भाग जातो का? ८१ ला ४ ने भागून १ उरतो, पहिली घरं ३ आणि ७, बेरीज १०, म्हणून जातो. घातांक ८२ केला तर ९ + ९ = १८, शेवटी ८, जात नाही. वजाबाकीत मात्र जपून. ४३^२१ − १७^२१ मध्ये एकक अंक ३ आणि ७ येतात; ३ मधून ७ जात नाहीत म्हणून हातचा घेऊन १३ − ७ = ६. घाईत ७ − ३ = ४ लिहिलं की गेलं. पहिली संख्या मोठी आहे की नाही तेही पाहा, कारण हातचा घेण्याची रीत तेव्हाच जशीच्या तशी चालते.

आता ज्या भाजकाचा आणि पायाचा सामाईक विभाजक असतो, ते प्रकरण. २^१०० ला १२ ने भागा. बाक्या: २, ४, ८, मग १६ मधून १२ गेले, ४, मग पुन्हा ८, ४, ८. पहिला २ परत येतच नाही. तो चक्रात नाही, चक्राच्या बाहेरची पायरी आहे. वर २ च्या एकक अंकाच्या चक्रात १ नव्हता, त्याचंही कारण हेच: २ आणि १० मध्ये २ सामाईक आहे, म्हणून २^० = १ ही सुरुवात मागे पडते आणि पुन्हा भेटत नाही. अशा गणितात “पहिली बाकी पुन्हा येईपर्यंत लिहीत जा” असं ठरवलंत तर पान भरेल. त्याऐवजी आधी आलेली कुठलीही बाकी पुन्हा आली की थांबा आणि चक्र कुठल्या घातापासून सुरू झालं ते पाहा. इथे ते दुसऱ्या घातापासून आहे: सम घाताला ४, विषम घाताला ८. घातांक १०० सम, म्हणून बाकी ४. फर्माचा सिद्धांत इथे लावायचा नाही. १२ मूळ संख्या नाही.

हेच गणित काही जण संक्षेप करून सोडवतात: वरखाली ४ ने छेद देऊन २^९८ भागिले ३. ३ साठी २ म्हणजे −१, घातांक सम, बाकी १. इथपर्यंत सगळं बरोबर. पण ही बाकी १२ ची नाही, ३ ची आहे. भाज्य आणि भाजक दोघांना ४ ने लहान केलं, त्याबरोबर बाकीही ४ ने लहान झाली. तिला परत ४ ने गुणायचं, ४. ही शेवटची गुणाकाराची पायरी राहून जाते आणि १ हा पर्याय हमखास समोर असतो.

घातावर घात आला तर कुठल्या संख्येने काय भागायचं याची सरमिसळ होते. ३^(२^२५) चा एकक अंक काढायचा आहे. ३ चं चक्र चार घरांचं, म्हणून २^२५ ला ४ ने भागल्यावर काय उरतं तेवढंच पाहायचं. २ च्या दुसऱ्या घातापासून पुढे सगळ्यांना ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून चौथं घर, एकक अंक १. चूक होते ती अशी: २^२५ चा एकक अंक २ काढायचा, आणि ३ चं दुसरं घर ९ लिहायचं. घातांकाचा एकक अंक इथे कामाचा नाही, कारण घातांकाला आपण १० ने नाही, ४ ने भागतोय. कंसही नीट वाचा: (३^२)^२५ असेल तर घातांकांचा गुणाकार होतो, ३^५०, आणि त्याचा एकक अंक ९ असतो.

हात बसायला तीन गणितं देतो. उत्तरं लगेच पुढे आहेत, पण आधी स्वतः करून पाहा. ८^७६ चा एकक अंक, ३८^९१ ला ११ ने भागल्यावर बाकी, आणि ५^९९ ला १३ ने भागल्यावर बाकी.

पहिल्यात ७६ ला ४ ने पूर्ण भाग जातो, ८, ४, २, ६ मधलं चौथं घर, ६. दुसऱ्यात ३८ ला ११ ने भागून पाया ५ होतो, ९१ ला १० ने भागून १ उरतो, बाकी ५. चक्र काढलंत तर ते ५, ३, ४, ९, १ असं पाच घरांचं निघेल आणि उत्तर तेच येईल. तिसऱ्यात ५ × ५ = २५, म्हणजे १३ साठी −१, तेही दुसऱ्याच घरात, म्हणून चक्र चार घरांचं; ९९ ला ४ ने भागून ३ उरतात, तिसरं घर −५, त्यात १३ मिळवून ८. इथे घातांकाला ४ ने भागलं खरं, पण हा ४ एकक अंकाच्या तक्त्यातला नाही. ५ च्या घातांचा एकक अंक कायम ५ च असतो, आणि त्यावरून १३ ची बाकी काढायला गेलात तर ५ हे चुकीचं उत्तर हाती येईल.